बेसमेंटमधल्या गाडीला रिमोट स्टार्ट लागत नाही, रेंज वाढवायला काय घेऊ?

गारवा_हवा: मी चौथ्या मजल्यावर, गाडी दुसऱ्या बेसमेंटमधे. निघायच्या आधी एसी लावून ठेवायचा असतो, पण फॉबने घरातून काहीच होत नाही आणि अ‍ॅप कधी चालतं कधी नुसतं गोल फिरत बसतं. रेंज वाढवणारा एखादा बॉक्स कुणी बसवलाय का?

जुगाडू: फॉब हनुवटीला टेकवून दाब, खरंच लांब जातं. आणि अ‍ॅपला रेंजची भानगडच नाही, जगात कुठूनही चालतं.

काळेहात: हनुवटीचं खरंय, पण मोकळ्यावर. सळयांचे पाच-सहा स्लॅब मधे आले की फॉबच्या एवढ्याशा सिग्नलचं काही चालत नाही. अ‍ॅपचं मात्र अर्धंच खरं. तुझी आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, तिथून गाडीतल्या सिमकडे, म्हणजे नेटवर्क गाडीपाशी हवं, तुझ्या फोनला फुल दांड्या असून उपयोग नाही. आणि खालचं नेटवर्क येऊन जाऊन असेल तर कधी आज्ञा पोचते पण उलट निरोप येत नाही, मग अ‍ॅप म्हणतं फेल आणि खाली इंजिन चालू.

गारवा_हवा: थांबा, मंगळवारी तीनदा फेल आलं म्हणून नाद सोडला आणि वीसेक मिनिटांनी खाली गेले तर बोनेट कोमट होतं, मला वाटलं रात्रीचंच असेल 😳

काळेहात: रात्रभरात थंड होतं ते. चालू होऊन आपोआप बंद झाली असणार, बऱ्याच गाड्या 10 मिनिटांनी बंद होतात. अ‍ॅपमधे हिस्ट्री असेल तर बघ. म्हणूनच बॉक्सच्या मागे लागू नकोस. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत नीट काम करत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त निघतो तो सुरुवातीच्या मिनिटांतच, आणि रिमोट स्टार्ट म्हणजे नेमकी तीच मिनिटं. त्याला ना वास ना रंग. खाली गाड्या पुसणारा माणूस असतो, लिफ्टच्या शाफ्टमधून गॅस वरही येतो.

शटरवाला: मी घरच्या गॅरेजचं शटर उघडून लावतो, काही होत नाही.

काळेहात: शटर उघडं असलं तरी गॅस साठतो, आतलं दार घरात उघडत असेल तर घरातही शिरतो. गाडी बाहेर काढून मग काय ते चालू ठेव.

पहिला_गिअर: माझी मॅन्युअल आहे, गिअरमधे लावायची सवय, बाहेरून रिमोट स्टार्ट बसवून घेऊ का?

काळेहात: बाबा नको, क्लचचा स्विच बायपास केला असेल तर गाडी उडी मारून समोरच्या भिंतीत जाईल. वेगळा धागा काढ.

गारवा_हवा: अ‍ॅपमधून रिमोट स्टार्ट बंद केलं. आता वर रॅम्पवर आणून काचा खाली करून दोन मिनिटं थांबते. पण फॉबचं बटण चालूच आहे, पर्समधे चुकून दाबलं गेलं तर?

जुगाडू: आधी लॉक मग धरून ठेवायचं असतं ना, चुकून नाही होत.

काळेहात: सहसा नाही, पण लिफ्टमधून उतरताना गाडी जवळच असते. सर्व्हिसवाल्यांना विचार, काही मॉडेलमधे तेही बंद करून देतात.