मदत हवी आहे: वॉटर चेस्टनट सोलणे आणि कुरकुरीत ठेवणे

ताजे वॉटर चेस्टनट मी आधी चोळून धुते, वरची-खालची चकती कापते आणि कडेची साल सुरीने काढून लगेच गार पाण्यात टाकते, म्हणजे काळे पडत नाहीत. पण सालीबरोबर बराच पांढरा गरही जातो. पीलरने पातळ साल निघते का? पिवळट, मऊ लागलेले मी सरळ टाकून देते.

परतताना ते शेवटच्या दोनेक मिनिटांत घालते, कुरकुरीत राहतात. डब्यातले आधीच शिजलेले असल्याने फक्त गरम करते, तरी पत्र्याची चव उरते. नुसतं धुणं पुरत नाही. उकळत्या पाण्यातून अर्धा मिनिट काढले तर चव जाईल ना, आणि कुरकुरीतपणा टिकेल का? कोणी करून पाहिलंय का?