मदत हवी आहे: व्हायवाचं रेकॉर्डिंग पोर्टलवर चढतच नाहीये

रानजाई

पीएचडीची खुली मौखिक परीक्षा नुकतीच झाली. विषय राजापूरकडच्या कातळसड्यांवरच्या पावसाळी वनस्पती. एक परीक्षक ऑनलाइन होते, म्हणून लॅपटॉपवर ओबीएस लावून सगळं रेकॉर्ड केलं: स्लाइड्स, कोपऱ्यात कॅमेरा आणि खोलीतला आवाज. एक तास पन्नास मिनिटांचा व्हिडिओ आहे. आता तो विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचा आहे आणि तिथेच घोडं अडलंय.

कधी तीस टक्क्यांवर तुटतं, कधी सत्तरच्या पुढे जाऊन. स्क्रीनवर फक्त `Upload failed` येतं, कारण काही नाही. घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर केलं, विभागातल्या वायफायवर केलं, ब्राउझर बदलला. परिपत्रकात एवढंच आहे की रेकॉर्डिंग एमपी४ आणि असंपादित हवं. माझी फाइल `.mkv` आहे. हे चढल्याशिवाय नोटिफिकेशन पुढे सरकणार नाही. कुणाला कल्पना आहे का?

खटपट्या

एमकेव्ही आहे ना, मग तेच कारण. फाइलवर राइट क्लिक करून नावातलं `.mkv` काढा आणि `.mp4` लिहा. आमच्याकडे सगळे असंच करतात, व्हीएलसीत मस्त चालतं.

ग्रंथालयवाली

शोधगंगेवर चढवताय का? तिथे प्रबंध पीडीएफमध्ये लागतो, प्रकरणवार वेगळ्या फाइली करून. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जो समन्वयक असेल तोच ते चढवतो, विद्यार्थ्याने स्वतः करायचं नसतं.

रानजाई

@ग्रंथालयवाली, पीडीएफ ग्रंथालयात देऊन झाली ताई. हा व्हायवाचा व्हिडिओ आहे, परीक्षा विभागाच्या पोर्टलवरचा.

@खटपट्या, नाव बदलून पाहिलं. पुन्हा मध्येच तुटलं.

फिल्मपट्टी

मी डोंबिवलीत लग्नाच्या आणि संस्थांच्या कार्यक्रमांच्या व्हिडिओंचं संकलन करतो, हे दुखणं रोज बघतो. रानजाई, मला वाटतं तुमच्याकडे दोन वेगळे आजार एकत्र आलेत, म्हणून एकावर औषध केलं तरी गुण दिसत नाही. आधी ते वेगळे करू.

दोन गोष्टी करा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, त्यात फाइल उघडा आणि काय दिसतं ते इथे टाका. दुसरं म्हणजे त्याच ओबीएसमध्ये, त्याच सेटिंगवर, अर्ध्या मिनिटाचं काहीतरी रेकॉर्ड करा. त्या छोट्या फाइलचं नाव खटपट्या म्हणतात तसं बदला आणि ती पोर्टलवर चढवून बघा. फक्त शेवटचं सबमिट दाबू नका.

रानजाई

यादी लांबलचक आली, कामाच्या वाटल्या त्या ओळी देते:

```
Complete name    : viva_final.mp4
Format           : Matroska
File size        : 5.00 GiB
Duration         : 1 h 50 min
Overall bit rate : 6 507 kb/s
Video / Format   : AVC
Width            : 1 920 pixels
Frame rate       : 60.000 FPS
Audio / Format   : AAC LC
```

छोटी फाइल मात्र १०० टक्क्यांपर्यंत गेली! आणि मग लाल अक्षरात `Invalid file type` आलं. हा संदेश आधी कधीच दिसला नव्हता.

फिल्मपट्टी

झालं, निदान झालं.

तुमच्या यादीतल्या पहिल्या दोन ओळी बघा. नावात एमपी४ आहे, पण आतून फाइल मात्रोस्का, म्हणजे एमकेव्हीच आहे. नाव बदलणं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणं, डबा तोच राहतो. व्हीएलसी चिठ्ठी न वाचता आत काय आहे ते बघतो, म्हणून खटपट्यांकडे चालतं. तुमचं पोर्टलही आत बघतंय, फक्त त्याला हा डबा चालत नाही. मोठी फाइल शेवटपर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे हा दुसरा संदेश तुम्हाला दिसायची वेळच आली नाही.

आता चांगली बातमी. आतला ऐवज एव्हीसी आणि एएसी आहे, आणि एमपी४मध्ये नेमकं हेच सर्रास असतं. म्हणजे चित्र पुन्हा बनवायची गरज नाही, नुसतं या डब्यातून त्या डब्यात काढायचं. ओबीएसमध्येच `File` मेनूत `Remux Recordings` आहे. मूळ `.mkv` तिथे द्या, शेजारी खरी `.mp4` तयार होईल. कमांड चालत असेल तर हीच गोष्ट अशी:

```
ffmpeg -i viva.mkv -c copy viva.mp4
```

हे पटकन होतं आणि चित्राच्या दर्जाला धक्का लागत नाही. आधी त्या छोट्या फाइलवर करा.

अण्णा_कोल्हापूर

मग ओबीएस मुळात एमकेव्हीत रेकॉर्डच कशाला करतं? सरळ एमपी४ घ्यायचं ना.

फिल्मपट्टी

अण्णा, साध्या एमपी४ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मध्येच लाइट गेली की ती लिहायची राहते आणि दीड तासाची फाइल उघडतच नाही. एमकेव्ही जिथे तुटली तिथपर्यंत चालते. नव्या ओबीएसमध्ये यावर तोड म्हणून हायब्रिड एमपी४ आलंय, पण परत घेता न येणारा कार्यक्रम असेल तर मी अजून एमकेव्हीच ठेवतो.

रानजाई

छोटी फाइल रीमक्स केली आणि ती चढली! पण मोठी रीमक्स केली तर आकार जिथल्या तिथे, ५ जीबी. आणि चढवताना तसंच मध्ये तुटतंय.

खटपट्या

मी म्हणालोच होतो की भानगड एमकेव्हीची आहे. आता आकारासाठी झिप करा, किंवा ऑनलाइन कन्व्हर्टरला टाका, तो लहान करून देतो.

फिल्मपट्टी

भानगड एमकेव्हीची होती हे तुमचं बरोबर होतं. पण झिपने इथे काही साधणार नाही, व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, त्यातून हाताला काही लागत नाही. आणि ऑनलाइन कन्व्हर्टरला आधी तेच ५ जीबी चढवावे लागतील. शिवाय अप्रकाशित संशोधन अनोळखी सर्व्हरवर कशाला ठेवायचं?

रानजाई, परीक्षा विभागाच्या संगणक कक्षाला फोन करून एवढंच विचारा: फाइलची कमाल मर्यादा किती आणि अपलोडला वेळेचं बंधन आहे का?

रानजाई

केला फोन. मर्यादा ५०० एमबी. पानावर कुठेच लिहिलेलं नाही. वेळेचं त्यांना सांगता आलं नाही, पण "जास्त वेळ लागला की सेशन जातं" असं म्हणाले.

फिल्मपट्टी

मग दुसरा आजारही सापडला. तुटण्याचा टक्का दर वेळी बदलत होता, त्यावरून मला सेशन किंवा नेट तुटत असल्याचा संशय होताच. हॉटस्पॉटवरून सेकंदाला ४ मेगाबिट वर जात असतील तर ५ जीबीला तीन तास लागतात. आणि तीन तासांनी पोचली असती तरी ५००ची मर्यादा होतीच.

आता हिशोब करू. फाइलचा आकार ठरतो बिटरेट आणि वेळ यांच्या गुणाकाराने. रिझोल्यूशन, फॉरमॅट हे सगळं त्याच्या मागून. तुमचा बिटरेट सेकंदाला साधारण ६५०० किलोबिट आहे आणि वेळ ६६०० सेकंद. गुणून ८ने भागलं की तुमचे ५ जीबी येतात.

आता उलटं जा. ५०० मेगाबाइट म्हणजे ४००० मेगाबिट. त्याला ६६०० सेकंदांत वाटलं तर सेकंदाला ६०० किलोबिटच्या आसपास मिळतात. काठोकाठ भरायचं नाही, म्हणून ५५०च्या आत राहा. त्यातले ६४ आवाजाला, एकाच चॅनेलमध्ये. बोलण्याला ते पुरतात. चित्राला ४८०. एकूण ५४४, म्हणजे फाइल ४५० एमबीच्या आत बसते.

हँडब्रेकमध्ये फाइल उघडून फॉरमॅट MP4 ठेवा, `Web Optimized`वर टिक करा. व्हिडिओत `Avg Bitrate` ४८० आणि `Multi-Pass Encoding` चालू. फ्रेमरेट ६० ऐवजी १५, `Constant`. आकार ७२०पी. आवाज AAC, Mono, ६४. मूळ एमकेव्हीला मात्र हात लावू नका, तिची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा.

दूरदेशी

अगदी असंच माझ्याबरोबर झालं होतं, फक्त माझं रेकॉर्डिंग ब्राउझरच्या एक्स्टेन्शनने केलेलं, `.webm`. मी इथे वाचून वरची `-c copy` कमांड चालवली. एमपी४ तयार झाली, व्हीएलसीत चालते, पण मार्गदर्शकांच्या आयपॅडवर आवाजच येत नाही.

फिल्मपट्टी

@दूरदेशी, वेबएममध्ये बहुतेक वेळा चित्र व्हीपी८ किंवा व्हीपी९ आणि आवाज ओपस असतो. डबा बदलला तरी आतला ऐवज तोच, आणि तो प्रत्येक उपकरणाला पचत नाही. तुम्हाला नुसतं कॉपी करून भागणार नाही, एच२६४ आणि एएसीमध्ये नव्याने एन्कोड करावं लागेल. मीडियाइन्फो काय म्हणतं ते टाका, मग बघू.

रानजाई

रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला. फाइल बसली आकारात. पण एक अडचण आहे. माझ्या नकाशांवर गावांची आणि सड्यांची नावं बारीक आहेत, ती ७२०पीमध्ये वाचता येत नाहीत. परीक्षकांनी प्रश्न विचारले तेच नकाशे ते. बिटरेट वाढवला तर आकार जातो. मग काय करू?

फिल्मपट्टी

बिटरेट तोच ठेवा, फक्त खर्च वेगळीकडे करू. स्लाइड दोन-दोन मिनिटं हलत नाही, तिला बिट फारसे लागतच नाहीत. बिट खातो तो कोपऱ्यातला हलणारा कॅमेरा. म्हणून आकार परत १०८०पी करा आणि फ्रेमरेट १०वर आणा. चित्रात हालचाल थोडी झटके खात दिसेल, पण इथे तुम्हाला अक्षरं महत्त्वाची.

पूर्ण फाइल करू नका. हँडब्रेकमध्ये `Range` आहे, तिथे `Seconds` निवडून नकाशांचा दोन मिनिटांचा भाग तेवढाच काढून बघा.

रानजाई

बघितलं! स्लाइड बदलली की क्षणभर नकाशा धुरकट असतो, मग अक्षरं हळूहळू उघडतात आणि "देवाचे गोठणे" स्वच्छ वाचता येतं. कॅमेऱ्यातली मी थोडी ठोकळ्याठोकळ्यांची दिसते, ते चालेल. पूर्ण फाइलला लावते.

अण्णा_कोल्हापूर

एक शंका. परिपत्रकात "असंपादित" आहे ना? हे एन्कोडिंग संपादन धरलं तर?

खटपट्या

काही कापलं नाही, जोडलं नाही. संपादन कसं होईल?

ग्रंथालयवाली

तसं गृहीत धरू नका. आमच्याकडे एका विद्यार्थ्याची फाइल याच मुद्द्यावर परत आली होती. लेखी विचारून घ्या, उत्तराचा ईमेल जपून ठेवा.

फिल्मपट्टी

माझ्या लेखी रीमक्स म्हणजे संपादन नव्हेच, चित्राचा एकही बिट बदलत नाही. पुन्हा एन्कोड केल्यावर दर्जा बदलतो, मजकूर नाही. पण तुमचा परीक्षा विभाग ते कसं बघेल हे मी सांगू शकत नाही. ताई म्हणतात ते करा.

रानजाई

फाइल चढली. विंडोजमध्ये आकार ४३० एमबी दिसतोय आणि पोर्टलवर लगेच चालू होते. संगणक कक्षाला "असंपादित"बद्दल ईमेल केलाय, मूळ एमकेव्ही आकारामुळे वेगळी ठेवली आहे आणि मागितल्यास देईन असंही लिहिलंय. अजून उत्तर नाही. आलं की इथे टाकते. फिल्मपट्टी दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार.

दूरदेशी

माझं मीडियाइन्फो: चित्र VP9, आवाज Opus, आणि Duration ही ओळच दिसत नाही. हे काय नवीन?