शब्दचर्चा : ‘नादुरुस्त’ला सोपा शब्द कोणता?

पाटीपेन्सिल :
एका ओळखीच्यांचं जुनं सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन विकायचं होतं, ऑनलाइन टाकायची जाहिरात मी लिहून दिली. अशी:

“दोन वर्षांपूर्वी खरेदी केलेले व केवळ एकाच कुटुंबाने वापरलेले वॉशिंग मशीन विकणे आहे. ड्रायर नादुरुस्त असून तो वगळता सर्व कार्यरत. विक्रीपश्चात परतावा मिळणार नाही.”

एक बाई बघायला आल्या. वाचता येतं त्यांना, पण हळूहळू, अक्षर लावत. मशीन आवडलं, मग ड्रायर फिरेना तर म्हणाल्या, “दुरुस्त केलाय असं लिहिलंयत की.” मी फोन काढून दाखवायला गेले आणि तेव्हा कळलं, त्यांनी ‘दुरुस्त’ वाचलं होतं आणि ‘ना’ सुटला होता. मलाच ओशाळल्यासारखं झालं. आता जाहिरात बदलायचीय. ‘बिघडलेला’ लिहू, ‘बंद’ लिहू का ‘खराब’?

जुना_वाचक :
‘नादुरुस्त’ हा मुळात आपला शब्दच नाही, फारसी आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश कशाला केला मग? ‘सदोष’ लिहा. छोटा आहे, शुद्ध आहे, तीनच अक्षरं.

आडवाट :
तीन अक्षरं म्हणून सोपा होतो का? ‘सबब’ पण तीनच अक्षरं आहेत, ‘व्यय’ तर दोनच. आणि ‘वॉशिंग मशीन’ एवढं लांब असून कुणी अडत नाही, कारण ते रोज तोंडात असतं. शब्द कानाला माहीत आहे का ते बघायचं, अक्षरं नंतर मोजा. ‘सदोष’ मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

जुना_वाचक :
तुम्ही ऐकला नाही म्हणजे शब्द मेला असं होत नाही.

कानामात्रा :
मी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात बरीच वर्षं शिकवलंय, तिथं हेच सारखं दिसायचं. नवा वाचणारा पूर्ण शब्द वाचत नाही, त्यातला ओळखीचा तुकडा पकडतो आणि बाकीचा अंदाज. ‘नादुरुस्त’मधला ओळखीचा तुकडा ‘दुरुस्त’, ‘बिनवापराचा’मधला ‘वापराचा’, ‘अपुरा’मधला ‘पुरा’. म्हणजे नकार एकदोन अक्षरांत कोंबलेला असला की तोच गळतो आणि अर्थ थेट उलटा होतो. अर्थ नुसता धूसर झाला असता तर माणसाने विचारलं तरी असतं. उलटा झाला की विचारत नाही, कारण त्याला वाटतं आपल्याला समजलं.

‘वगळता’चं तसंच आहे. “तो वगळता सर्व कार्यरत” यात ‘सर्व’ तेवढं लक्षात राहतं. माझं मत, एक शब्द शोधूच नका, वाक्य करा. ‘ड्रायर चालत नाही.’ नकार सुटा शब्द होऊन शेवटी येतो, बोलताना येतो तसाच.

मोरपीस :
‘बंद’ काय वाईट आहे? सगळे तेच म्हणतात, टीव्ही बंद आहे, लिफ्ट बंद आहे.

आडवाट :
‘बंद’ म्हणजे बटण बंद केलंय का बिघडलाय? लिफ्टवर पाटी असते म्हणून कळतं. आणि ‘चालू’ त्याहून भारी, ‘चालू माल’ म्हणजे काय ते विकणाऱ्याला विचारा. “सर्व चालू” लिहिलंत तर हसतील लोक.

मोरपीस :
मग ‘चालत नाही’ला पण दोन अर्थ आहेत. आमच्या आजीला घरात चपला चालत नाहीत 😄

कानामात्रा :
खरंय, पण यंत्रापुढे ‘चालत नाही’ आलं की कुणी चपलांचा अर्थ घेत नाही. ‘बंद’चे दोन्ही अर्थ मात्र यंत्रालाच लागू होतात, गोची तिथे आहे.

एक अडचण माझ्या म्हणण्यातही आहे, सांगून टाकते. मराठीत ‘नाही’ शेवटी येतं. फोनवर जाहिरातीच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, पुढचं कापलं जातं. “ड्रायर चालत…” एवढंच दिसलं तर झालं कल्याण! म्हणून ते वाक्य छोटं हवं आणि पहिल्या दोनतीन वाक्यांत हवं, तळाशी नको.

तारवाला :
ड्रायरचं म्हणाल तर आधी झाकणाचा स्विच बघा. झाकण उघडलं की मोटरची वीज तुटते, तो स्विच अडकला की मोटर फिरतच नाही. नाहीतर ब्रेक सुटत नसेल, मग मोटर नुसती गुरगुरते. किरकोळ काम आहे, उगाच स्वस्तात विकू नका.

पाटीपेन्सिल :
@तारवाला ते विकायचं ठरलंय हो, प्रश्न शब्दाचा आहे. पण सांगते त्यांना.

कानामात्राताई, हे बघा जमलं का:

“जुने वॉशिंग मशीन विकायचे आहे. मशीन कपडे धुते. ड्रायर चालत नाही. मशीन दोन वर्षे वापरले आहे. आधी मशीन चालवून बघा. मग पैसे द्या. विकल्यावर मशीन परत घेणार नाही.”

कानामात्रा :
छान. मूळच्यात ‘मशीन’ हा शब्द यायच्या आधी दहा शब्द वाचावे लागत होते, घेतलेले-वापरलेले करत, आणि कशाबद्दल चाललंय ते तोवर कळत नव्हतं. आता वस्तू दुसऱ्याच शब्दाला सुरू होते. ‘परतावा’ गेला तेही बरं झालं, त्यात पैसे परत का वस्तू परत हे मलाही कधी कळत नाही.

एकच बदल. ‘ड्रायर’ म्हटल्यावर काहींना वाटतं कपडे वाळून येतात. तो फक्त पिळतो. तेव्हा “मशीन कपडे धुते. मशीन कपडे पिळत नाही. ड्रायर बिघडला आहे.” असं करा, एकच गोष्ट दोनदा आली तरी चालेल, एक सुटली तर दुसरी हाताशी येते.

आणि टाकायच्या आधी त्या बाईंसारख्या कुणाला तरी वाचायला द्या. “समजलं का” विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. “यात काय चालत नाही?” असं विचारा.

मोरपीस :
ड्रायर वाळवत नाही?? मी इतकी वर्षं…

जुना_वाचक :
ही जाहिरात आहे का बालवाडीचं पुस्तक? वाचणाऱ्याला चार नवे शब्द मिळायला नकोत?

आडवाट :
पैसे द्यायला आलेल्या माणसाला शब्द शिकवायचे नसतात काका. बाय द वे ‘दुरुस्त’ला फारसीत ‘बरोबर, धड’ एवढाच अर्थ, आपण ‘दुरुस्ती’ म्हणजे रिपेअर केलं, म्हणून तर ‘दुरुस्त’ वाचून बाईंना ‘रिपेअर केलेला’ वाटलं. उसना शब्द आपल्याकडे येऊन कामाला लागला 😀

मोरपीस :
मला वाटायचं ‘दुर्’ म्हणजे वाईट, त्यावरून दुरुस्त, वाईटातून सुटलेला.

आडवाट :
नाही हो. पण ऐकायला छान आहे.

पाटीपेन्सिल :
अजून एक, ‘जुने’ लिहू का ‘जुनं’? बोलताना तर ‘जुनं’ म्हणतो, आणि आत्ताच ठरलं ना की कानाला माहीत असेल ते लिहायचं.

कानामात्रा :
इथे मी अडते. कानाला ‘जुनं’ जवळचं, पण शाळेच्या पुस्तकात ‘जुने’ शिकलेत, डोळ्याला ते ओळखीचं. माझ्या वर्गात दोन्ही प्रकारची माणसं होती. एकच करा, अर्धं असं अर्धं तसं नको.

जुना_वाचक :
‘जुने’. यावर चर्चा नको. आणि ‘जुनी मशीन’ का नाही? आम्ही मशीन स्त्रीलिंगी म्हणतो.

मोरपीस :
आम्ही पण! ती मशीन.

पाटीपेन्सिल :
अहो, आमच्याकडे ते मशीन 😐

तारवाला :
झाकणाचा स्विच बघितला का?