उत्तर: २० बाय १० फुटांच्या पडद्याची मांडणी

«सभागृहातील शेवटची रांग ८० फुटांवर आहे. शीर्षक किती मोठे ठेवावे आणि प्रायोजकांची बोधचिन्हे कुठे घ्यावीत?»

मंचावर कलाकार उभे राहिले की पडद्याचा खालचा सुमारे ६ फुटांचा भाग झाकला जातो, म्हणून वाचायचा सर्व मजकूर वरच्या ४ फुटांतच बसवावा. त्यातही सर्वांत वरचे अर्धा फूट मंचाच्या झालरीसाठी रिकामे सोडावे.

दर १० फूट अंतराला किमान १ इंच उंचीचे अक्षर लागते, असा ठोकताळा आहे. त्यानुसार ८ इंच पुरतील. परंतु देवनागरीत वेलांट्या व जोडाक्षरे लांबून एकमेकांत मिसळतात, म्हणून मी शिरोरेषेपासून १२ इंच धरतो आणि मात्रा-उकारांसह त्या ओळीला २ फूट देतो. उरलेल्या दीड फुटात बोधचिन्हांची पांढरी पट्टी येते. तेथे सर्वांची उंची सारखी ठेवल्यास आडवी चिन्हे उगाच मोठी दिसतात. क्षेत्रफळ साधारण सारखे ठेवणे अधिक न्याय्य ठरते. प्रायोजकांकडून चिन्हांच्या व्हेक्टर फाइल आवर्जून मागवाव्यात, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चित्र फ्लेक्सवर फाटते.

छपाईपूर्वी आराखडा ए-४ कागदावर आडवा छापून ४ फुटांवरून पाहावा. शेवटच्या रांगेतून पडदा जवळजवळ तेवढाच दिसेल.