मदत हवी आहे: अ‍ॅब्स्ट्रॅक्ट लिहायला बसलं की प्रस्तावनाच उतरतेय

निळीशाई: सबमिशनला दहा दिवस उरलेत आणि गाइडनी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट दुसऱ्यांदा परत पाठवलंय, वर लाल पेनने एवढंच की "ही प्रस्तावनाच आहे". विषय असा, की ओपीडीत सगळ्या पेशंटना सकाळी एकदम बोलावण्याऐवजी अर्ध्या अर्ध्या तासाचे स्लॉट दिले तर थांबायचा वेळ कमी होतो का. लिमिट 300 शब्द. माझे पहिले 180 गर्दी का होते यातच जातात, आणि शेवट "निष्कर्षांची चर्चा शेवटच्या प्रकरणात केली आहे" असा. शिवाय डेटा देणाऱ्या हॉस्पिटलला दोन पानी एक्झिक्युटिव्ह समरी द्यायचीय, अ‍ॅब्स्ट्रॅक्टच फुगवून दिलं तर चालेल?

घाईगडबड: सोप्पंय, प्रत्येक चॅप्टरचं एकेक वाक्य घ्यायचं. मी तेच केलं, पास झालो.

जुनाखडू: त्याने क्रम नीट लागतो हे खरं, पण लिटरेचर रिव्ह्यूलाही एक वाक्य जातं आणि रिझल्टलाही एकच, तिथेच घोळ होतो. नीळे, तुझं ते शेवटचं वाक्य वाचून मी विचारणार, "अगं मग निष्कर्ष काय?" प्रस्तावना वाचणाऱ्याच्या हातात पुढचा थिसिस असतो म्हणून ती प्रश्नापाशी थांबली तरी चालतं, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचणाऱ्याकडे तेवढंच असतं. आकडे काय आले?

निळीशाई: मध्यक 94 मिनिटांवरून 61 वर आला. पण 11 नंतरच्या स्लॉटना काहीच फरक नाही, डॉक्टर वॉर्डच्या राउंडवरून उशिरा येतात.

जुनाखडू: अहाहा, आणि हे तू लपवून ठेवलंस! गर्दीला दोन वाक्यं दे, मग किती पेशंट, किती आठवडे, वेळ कसा मोजला, आणि मग थेट: "स्लॉट दिल्यावर थांबण्याच्या वेळेचा मध्यक 94 मिनिटांवरून 61 वर आला, 11 नंतर मात्र फरक दिसला नाही, कारण डॉक्टर उशिरा येत होते." निम्मे शब्द रिझल्टला गेले तरी जाऊदेत. फक्त ते "कारण" तू मोजलंयस की अंदाज आहे ते बघ.

समरी फुगवून नको. ती वाचणार अधीक्षक, त्यांना उद्या काय करायचं ते हवंय. पहिल्याच परिच्छेदात शिफारस टाक, की स्लॉट चालू ठेवा पण 11 नंतरचे राउंडच्या वेळेशी जुळवा. मग त्यामागचे आकडे, काउंटरवर किती माणसं लागतील, आणि पद्धत शेवटी चार ओळीत.

कोरापान: माझा जर्नलचा पेपर आहे, अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये रेफरन्स नंबर टाकू का?

जुनाखडू: धागा थिसिसचा आहे हो, पण शक्यतो नकोच. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट डेटाबेसमध्ये सुटं दिसतं, तिथे तुमच्या 7 नंबरखाली यादी कुठाय?

निळीशाई: राउंडची वेळ मोजलेली नाही, नर्सनी सांगितलं होतं. म्हणजे "कारण" काढून "नर्सच्या सांगण्यानुसार" लिहू? गाइड म्हणतात मर्यादा अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये नकोत.

घाईगडबड: गाइडचं ऐक, सही त्यांचीच लागते.

जुनाखडू: मी तरी "नर्सच्या सांगण्यानुसार" ठेवलं असतं. समरीत तर नक्कीच, अधीक्षक त्यावरून राउंड हलवतील.