मदत हवी आहे: खोट्या ‘कॉन्फ्लिक्ट कॉपी’ कशा थांबवायच्या?

नमस्कार मंडळी. उद्यमबागेतली फाउंड्री आणि खानापूरचं ऑफिस यांच्यात ड्रॉइंगच्या फाइली सिंक करणारी सेवा बांधतोय. चंकिंगचं जमलंय. आधी ठरावीक 4 MB चे तुकडे होते. 40 MB च्या फाइलीत सुरुवातीला चार बाइट घुसले की पुढच्या सगळ्या सीमा सरकायच्या आणि दहाही तुकडे पुन्हा अपलोड व्हायचे. आता रोलिंग हॅशने मजकुरावरून सीमा ठरते, त्यामुळे बहुधा एक-दोनच तुकडे जातात. प्रत्येक तुकड्याचा SHA-256 सर्व्हरवर आधीच असेल तर तो पाठवतच नाही. (झिप केलेल्या फाइलींना याचा फारसा उपयोग नाही, ते सोडा.)

घोडं अडलंय ते कमिटवर. क्लायंट सांगतो, ‘माझा बदल आवृत्ती 7 वर आहे’; सर्व्हरवर 7 च असेल तर 8 होते, नाहीतर नकार आणि कॉन्फ्लिक्ट कॉपी. खानापूरची लाइन नेमकी उत्तर येताना तुटते. सर्व्हरवर 8 झालेली असते, क्लायंट पुन्हा 7 वरच कमिट करतो आणि स्वतःशीच भांडून कॉपी बनवतो!

8 ची तुकड्यांची यादी ताडून पाहिली, तर साधी केस सुटते. पण मधे उद्यमबागेतून 9 आली असेल तर नाही. म्हणून प्रत्येक कमिटला क्लायंटनेच एक आयडी द्यावा, असं वाटतंय. लॅपटॉप आठवडाभर बंद राहू शकतो. मग हे आयडी सर्व्हरवर किती दिवस ठेवायचे? की आवृत्तीच्या नोंदीतच कायमचे लिहावेत?