मदत हवी आहे: ग्रँटच्या रिपोर्टमध्ये आउटकम कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी, इंदूरमध्ये एका वस्तीत आम्ही संध्याकाळचा वाचनवर्ग चालवतो, हिंदी वाचनाचा. फंडरकडून सहामाही रिपोर्ट परत आलाय, की तुम्ही 120 वर्ग घेतले, पुस्तकं वाटली हे ठीक, पण मुलांमध्ये बदल काय झाला ते लिहा. बरोबरच आहे त्यांचं.

आमच्याकडे असरच्या पद्धतीची वाचन चाचणी आहे, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जुलैत 58 मुलांची घेतली, त्यात 11 जण परिच्छेद वाचत होते. फेब्रुवारीत 39च सापडली, त्यातली 24 वाचतात. बाकीच्या 19 जणांचे आईवडील झाबुआकडचे मजूर, भगोरियाच्या सणाआधीच गावी गेले.

आता 58 पैकी 11 आणि 39 पैकी 24 असं शेजारी ठेवलं तर ते खोटं वाटतं मला, कारण गेलेली मुलं मुळातच मागे होती, त्या 19 मध्ये जुलैत फक्त 2 वाचणारी. म्हणून दोन्ही चाचण्या दिलेली 39च घेतली, तर 9 वरून 24. हेच लिहू ना? आणि 19 चं कारण तिथंच खाली, लपवायचं नाही.

दुसरं, ही मुलं शाळेतही जातात, मग ‘आमच्यामुळे’ असं लिहिता येत नाही. वाक्य कसं करता तुम्ही? एक मुलगी जुलैत ‘पानी’ अक्षर अक्षर लावायची, आता धाकट्याला गोष्ट वाचून दाखवते, हे आकड्यांसोबत द्यावं का? कोणाकडे नमुना असेल तर प्लीज दाखवा, शुक्रवारी द्यायचाय.